अनुत्पादक जिंदगी आणि सामान्य ठेवीदार

पावसाळा सुरू झाला की बँकांच्या वार्षिक सभांचा हंगामही सुरू होतो. सभासदांच्या घरी अहवालाची पुस्तिका येते किंवा शाखेच्या टेबलावर तिचा गठ्ठा पडलेला दिसतो. बल्लारपूरसारख्या गावात ती पुस्तिका हाती घेणारा माणूस कोण असतो? कागद गिरणीतून किंवा कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला कामगार, शाळेतला शिक्षक, कचेरीतला कारकून. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांतून आलेली आयुष्याची कमाई त्याने मुदतठेवीत ठेवलेली असते आणि तिच्या व्याजावर त्याच्या घरखर्चाचा मोठा भाग चालतो. तो अध्यक्षांचे मनोगत वाचतो, लाभांशाचा दर पाहतो आणि मग एका ओळीपाशी अडखळतो : ‘ढोबळ एन.पी.ए. शेकडा इतका, निव्वळ एन.पी.ए. शेकडा इतका.’ या ओळीचा अर्थ बहुधा त्याला कोणी सांगितलेला नसतो. मग आकडा मोठा दिसला तर तो घाबरतो आणि लहान दिसला तर निश्चिंत होतो. वस्तुतः या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. हा आकडा काय सांगतो, त्याहीपेक्षा काय सांगत नाही, हे कळले तरच त्याचा ठेवीदाराला उपयोग आहे.

कर्ज ही ‘जिंदगी’ कशी?

पहिला घोटाळा शब्दापासूनच होतो. ताळेबंदाला दोन बाजू असतात, देणी आणि जिंदगी. ठेवीदाराने ठेवलेला पैसा बँकेला कधी ना कधी परत करावयाचा असतो, म्हणून ठेव हे बँकेचे देणे. उलट बँकेने दुसऱ्यास दिलेले कर्ज तिला परत यावयाचे असते आणि तोपर्यंत त्यावर व्याज मिळावयाचे असते, म्हणून कर्ज ही बँकेची जिंदगी. घरमालकाला जसे घर, तसे बँकेला कर्ज. घराचे भाडे येईनासे झाले तरी घर मालकाच्याच नावावर राहते, परंतु त्याचे उत्पन्न थांबते आणि भाडेकरू घर पडीक करून जाईल की काय, ही धास्ती लागते. कर्जाचे असे झाले की त्याला ‘अनुत्पादक जिंदगी’ म्हणतात. एन.पी.ए. ही तीन अक्षरे एवढेच सांगतात. पैसा बुडाला, असे ती सांगत नाहीत. पैसा येणे थांबले, असे सांगतात.

येणे थांबले हे ठरवावयाचे केव्हा? आजचा नियम ९० दिवसांचा आहे. व्याज किंवा मुद्दलाचा हप्ता ९० दिवस थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये केलेल्या खुलाशाप्रमाणे ही गणना दिवसागणिक करावयाची असते. ३१ मार्चला देय असलेला हप्ता पूर्ण भरला गेला नाही, तर २९ जूनच्या दिवसअखेर ते खाते अनुत्पादक होते. त्या कर्जदाराची त्याच बँकेत आणखी कर्जे असतील तर तीही त्याबरोबर अनुत्पादक गणली जातात आणि सर्व थकबाकी भरल्याखेरीज खाते पूर्वपदावर येत नाही. शेतीकर्जाला मोजमाप वेगळे आहे. धानासारख्या अल्प मुदतीच्या पिकासाठी घेतलेले कर्ज दोन पीक-हंगाम थकले, तर ते अनुत्पादक मानले जाते. कारण शेतकऱ्याचे उत्पन्न महिन्याच्या हिशेबाने येत नाही.

हा नियम पूर्वापार चालत आलेला नाही. १९९० पूर्वीच्या काळात व्याज हाती आले नसले तरी ते ‘येणे’ म्हणून उत्पन्नात धरण्याची सोय बँकांना होती आणि त्यामुळे कागदावर नफा व तिजोरीत चणचण असा प्रकार होऊ शकत असे. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या शिफारशींनंतर १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा रिवाज मोडला. आरंभी चार तिमाहींची थकबाकी हा निकष होता; तो टप्प्याटप्प्याने आवळत मार्च २००४ पासून ९० दिवसांवर आणला गेला. तेव्हापासून अनुत्पादक खात्याचे व्याज प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय बँकेला उत्पन्न म्हणून दाखविता येत नाही. इतकेच नव्हे, तर आधी उत्पन्नात धरलेले, पण वसूल न झालेले व्याजही उलटे फिरवावे लागते.

बल्लारपूरचा दाखला

कर्ज अनुत्पादक होते ते नेहमी लबाडीनेच होते असे नाही, हे बल्लारपूरकरांना सांगावयास नको. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या कागद गिरणीभोवती हे गाव वाढले. या जिल्ह्यांतील बांबू आणि लाकूड यांवर गिरणी चालली आणि गडचिरोली जिल्ह्यातील आष्टी येथेही कंपनीचा कारखाना उभा राहिला. तीच बल्लारपूर इंडस्ट्रीज ही मूळ कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दबून जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दाखल झाली. ज्या उद्योगाच्या नावाने गाव ओळखले जाई, त्या उद्योगाचे नाव कर्ज देणाऱ्यांच्या वह्यांत थकलेल्या कर्जांच्या रकान्यात जाऊन बसले.

अशा प्रसंगी बँकेच्या हाती काय असते? तारण ठेवलेली यंत्रे, जमीन आणि इमारती. परंतु बंद पडलेल्या किंवा रखडलेल्या कारखान्याच्या यंत्राची किंमत चालत्या कारखान्यातील यंत्राएवढी राहत नाही आणि ती दर पावसाळ्याला कमी होत जाते. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याखाली मार्गी लागलेल्या प्रकरणांत धनकोंना त्यांच्या मान्य झालेल्या दाव्यांपैकी सरासरीने साधारण एकतृतीयांश रक्कमच मिळाली आहे. म्हणजे अनुत्पादक झालेले मोठे कर्ज सर्वस्वी बुडतेच असे नाही. पण ते सर्वच्या सर्व परत येईल, असेही धरून चालता येत नाही. या दोहोंमधील अनिश्चितता हिशेबात कशी धरावयाची, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘तरतूद’ या शब्दात आहे.

एक लहानसा हिशेब

समजा, एका बँकेकडे १०० कोटी रुपयांच्या ठेवी आहेत आणि भागभांडवल व राखीव निधी मिळून तिचा स्वतःचा निधी १० कोटींचा आहे. या ११० कोटींपैकी ७० कोटी तिने शेकडा १० व्याजाने कर्जाऊ दिले असून उरलेले ४० कोटी सरकारी रोखे व रोकड यांत आहेत. कर्जांवर तिला वर्षाला ७ कोटी मिळतात, रोख्यांवर २ कोटी ६० लाख. त्यातून ठेवीदारांना ६ कोटी व्याज द्यावयाचे आणि पगार, भाडे वगैरेंचा २ कोटी ४० लाखांचा खर्च भागवावयाचा. शिल्लक उरते १ कोटी २० लाख. ११० कोटींच्या उलाढालीवर एवढीच. बँकेचा धंदा किती बारीक फरकावर चालतो, हे यावरून ध्यानी यावे.

आता ७ कोटींचे एक कर्ज थकले. एकूण कर्जांत त्याचा हिस्सा शेकडा १०. हा झाला ढोबळ एन.पी.ए. त्याचे ७० लाखांचे व्याज बुडाले; परंतु ठेवीदारांचे व्याज आणि नोकरांचे पगार यांत एका पैशाची कपात होऊ शकत नाही. शिवाय खाते अनुत्पादक झाले की पहिल्या वर्षी, तारण असल्यास, व्यापारी बँकेला किमान शेकडा १५ तरतूद करावी लागते. नागरी सहकारी बँकांना हे प्रमाण शेकडा १० आहे. तरतूद म्हणजे ‘यातील एवढे बहुधा परत येणार नाही’ असे मान्य करून आजच्या नफ्यातून बाजूस काढलेली रक्कम. येथे ती १ कोटी ५ लाख होते. १ कोटी २० लाखांच्या नफ्यातून ७० लाख आणि १ कोटी ५ लाख वजा केले की नफ्याच्या जागी ५५ लाखांचा तोटा दिसतो आणि स्वनिधी ९ कोटी ४५ लाखांवर येतो.

ढोबळ रकमेतून तरतूद वजा केली की उरतो तो निव्वळ एन.पी.ए. येथे ७ कोटींतून १ कोटी ५ लाख गेले, राहिले ५ कोटी ९५ लाख. एकूण कर्जांतूनही तेवढीच तरतूद वजा करून प्रमाण काढतात, ते शेकडा ८.६३ होते. ठेवीदाराने या ५ कोटी ९५ लाखांकडे विशेष लक्ष द्यावे. कारण हा तो भाग आहे, की ज्याची झळ बँकेने अद्याप सोसलेली नाही. उद्या त्यातील एक रुपयाही वसूल झाला नाही, तर तो सगळा स्वनिधीतून जाईल आणि ९ कोटी ४५ लाखांच्या जागी ३ कोटी ५० लाख उरतील. ठेवीदाराचे १०० कोटी तरीही शाबूत असतील. पण मध्ये असलेली भिंत एकतृतीयांश राहिलेली असेल.

यावरून ठेवीदाराच्या दृष्टीने महत्त्वाची तुलना कोणती, ते उघड होते. निव्वळ एन.पी.ए. कर्जांच्या शेकडा किती, हे अहवाल ठळक अक्षरांत सांगतो. परंतु ठेवीदाराने विचारावे ते असे, की निव्वळ एन.पी.ए.ची रक्कम बँकेच्या स्वनिधीच्या किती पट आहे? वरील बँकेत ती स्वनिधीच्या शेकडा ६३ आहे. ती शेकडा १० असती तर चिंतेचे कारण नव्हते. स्वनिधीएवढी किंवा त्याहून अधिक झाली, तर नुकसान ठेवीदाराच्या उंबरठ्यावर आले असे समजावे. एकच टक्केवारी भरभक्कम स्वनिधीच्या बँकेला किरकोळ आणि दुबळ्या बँकेला जीवघेणी ठरू शकते.

आकडा कमी झाला, म्हणजे काय झाले?

पुढच्या वर्षीच्या अहवालात ‘एन.पी.ए. शेकडा १० वरून शून्यावर आणण्यात व्यवस्थापनास यश आले’ असे वाक्य वाचावयास मिळाले, तर आनंद होणे स्वाभाविक आहे. पण हा आकडा निरनिराळ्या मार्गांनी खाली येऊ शकतो. थकबाकी वसूल झाली, हा पहिला आणि उत्तम मार्ग. नवी कर्जे वाढवून भाजक मोठा केला, हा दुसरा. ७ कोटींचे तेच थकीत कर्ज ७० कोटींऐवजी १४० कोटींच्या कर्जांत शेकडा ५ दिसते. तिसरा मार्ग निर्लेखनाचा.

निर्लेखन म्हणजे पूर्ण रकमेची तरतूद करून ते कर्ज ताळेबंदातून काढून टाकणे. त्याला माफी म्हणणे चूक आहे, कारण कर्जदारावरील बँकेचा हक्क आणि वसुलीचा दावा कायम राहतो. तथापि ताळेबंदातून ते नाहीसे होत असल्याने एन.पी.ए.चा आकडा खाली येतो. वरील उदाहरणातील बँकेने पहिल्याच वर्षी ते ७ कोटी निर्लेखित केले असते, तर तिचा एन.पी.ए. शून्य दिसला असता आणि स्वनिधी ३ कोटी ५० लाख उरला असता. म्हणजे एका अहवालात शेकडा ८.६३ आणि साडेनऊ कोटींचा स्वनिधी, तर दुसऱ्या अहवालात शून्य आणि साडेतीन कोटींचा स्वनिधी. घडलेली घटना मात्र एकच. केवळ टक्केवारी पाहणारा ठेवीदार दुसऱ्या बँकेला निरोगी आणि पहिलीला आजारी म्हणेल. खरे म्हणजे दुसरीने झळ सोसून टाकली आहे आणि पहिलीला ती सोसावयाची आहे.

देशातील व्यापारी बँकांचा ढोबळ एन.पी.ए. मार्च २०१८ मध्ये शेकडा ११ च्या वर गेला होता, तो मार्च २०२५ पर्यंत शेकडा अडीचच्या आत आला. ही सुधारणा खरी आहे. परंतु तिच्यात वसुलीबरोबर निर्लेखनाचाही मोठा वाटा आहे. अहवालाच्या परिशिष्टांत ‘एन.पी.ए.मधील वर्षभरातील बदल’ असा तक्ता असतो. आरंभीची शिल्लक, वर्षात नव्याने भर पडलेली रक्कम, वसुली, पूर्वपदावर आलेली खाती आणि निर्लेखन असे त्यात वेगवेगळे दाखविलेले असते. अध्यक्षांच्या मनोगतापेक्षा तो तक्ता अधिक बोलका असतो. विशेषतः नव्याने पडलेली भर दरवर्षी वाढत असेल आणि निर्लेखनाने ती झाकली जात असेल, तर आजार बरा झालेला नाही, एवढे निश्चित.

आकडाच खोटा असेल तर?

आतापर्यंतचा सारा विचार एका गृहीतावर उभा आहे. ते म्हणजे बँकेने खाते अनुत्पादक झाले की तसे लिहिले. तसे न लिहिल्यास काय होते, हे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने दाखवून दिले. मार्च २०१९ अखेरच्या तिच्या अहवालात ढोबळ एन.पी.ए. शेकडा ३.७६ आणि निव्वळ २.१९ होता. ठेवी सुमारे ११,६०० कोटींच्या होत्या. हा अहवाल वाचून कोणत्याही ठेवीदाराने समाधानाने पुस्तिका मिटली असती. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि प्रत्येक खात्यातून सहा महिन्यांत अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा दिली. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविली गेली.

तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या कबुलीप्रमाणे सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक, म्हणजे शेकडा ७३, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेले होते. त्या काळी नागरी सहकारी बँकेला एका समूहास आपल्या भांडवली निधीच्या शेकडा ४० पर्यंतच कर्ज देता येत असे. पोलिसांकडील तक्रारीनुसार, त्या समूहाची ४४ खाती लपविण्यासाठी त्यांच्या जागी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली होती. हप्ते थकत होते, परंतु खाती अनुत्पादक म्हणून नोंदविली जात नव्हती. खरा हिशेब मांडला गेला तेव्हा मार्च २०२० अखेर बँकेचा स्वनिधी शून्याच्याही खाली, उणे ५,८५० कोटींच्या घरात होता. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून मिळाल्या. मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंत पसरलेले वेळापत्रक आले.

या प्रकरणात अहवाल बारकाईने वाचूनही सामान्य ठेवीदारास सत्य कळले नसते, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. लेखापरीक्षकांच्या आणि तपासनिसांच्या नजरेतून जे निसटले, ते शिक्षकाने किंवा कारकुनाने ओळखावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तथापि प्रत्येक वेळी अहवाल मुकाच असतो, असेही नाही. येस बँकेचे उदाहरण पाहावे. मार्च २०१६ अखेर तिने ७४९ कोटींचा ढोबळ एन.पी.ए. दाखविला होता. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तोच आकडा ४,९२६ कोटी भरला. ही ४,१७७ कोटींची तफावत नव्या नियमानुसार बँकेला पुढच्या अहवालातील टिपांत छापावी लागली. २०१६–१७ या वर्षाची तफावत त्याहून मोठी, ६,३५५ कोटींची निघाली. पुढे ५ मार्च २०२० रोजी बँकेवर स्थगिती आली आणि ठेवीदारांना पन्नास हजारांची मर्यादा पडली. स्टेट बँकेच्या पुढाकाराने नवे भांडवल आल्यामुळे १८ मार्चला ती उठली आणि ठेवी शाबूत राहिल्या. परंतु इशारा जवळजवळ तीन वर्षे आधी बारीक अक्षरांत छापलेला होता. बँकेने मोजलेला आणि तपासनिसाने मोजलेला एन.पी.ए. यांत मोठी तफावत दोन वर्षे लागोपाठ दिसणे, यासारखी स्पष्ट धोक्याची घंटा अहवालात क्वचितच आढळते. अशीच दुसरी खूण म्हणजे लेखापरीक्षकाच्या अहवालातील ‘खालील बाबीस अधीन राहून’ किंवा ‘तरतूद अपुरी आहे’ अशा अर्थाची वाक्ये.

ठेवीदाराच्या हाती काय?

ठेवीदाराचे रक्षण करणाऱ्या तीन भिंती आहेत. पहिली बँकेचा वार्षिक नफा, दुसरी तिचा स्वनिधी, तिसरी ठेव विमा. एन.पी.ए. पहिलीला लगेच आणि दुसरीला हळूहळू पोखरतो. तिसरी भिंत बँकेच्या कारभारावर अवलंबून नाही. पण तिची उंची ठरलेली आहे. फेब्रुवारी २०२० पासून ती प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपये आहे. त्यापूर्वी ती एक लाख होती. एकाच बँकेच्या बल्लारपूर आणि चंद्रपूर अशा दोन शाखांत एकाच नावाने ठेवी असल्या, तरी त्यांची बेरीज होऊन मर्यादा एकच लागते. ठेवी दोन निरनिराळ्या बँकांत असतील, तर प्रत्येकीस स्वतंत्र मर्यादा मिळते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यावर, बँक बंद होण्याची वाट न पाहता, ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूदही झाली आहे.

येथे एक गोष्ट बजावून सांगणे अगत्याचे आहे. हा विमा व्यापारी आणि सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. गावोगावच्या पतसंस्था शेकडा एक-दीड अधिक व्याज देतात, त्यांचे पासबुकही बँकेसारखेच असते आणि अहवालात त्याही एन.पी.ए.ची टक्केवारी छापतात. परंतु त्यांच्या ठेवीदारामागे ही तिसरी भिंत नसते. तेथे निव्वळ एन.पी.ए. आणि स्वनिधी यांची तुलना करणे म्हणूनच अधिक निकडीचे ठरते.

तेव्हा अहवाल हाती आला की ठेवीदाराने फार वेळ घालविण्याची गरज नाही. निव्वळ एन.पी.ए.ची रक्कम पाहावी, टक्केवारी नव्हे, आणि ती स्वनिधीशेजारी मांडावी. गेल्या तीन वर्षांचे आकडे असतील तर ते एकाखाली एक लिहून कोणत्या दिशेने चालले आहेत ते पाहावे. आकडा घटला असेल तर तो वसुलीने घटला की निर्लेखनाने, हे बदलाच्या तक्त्यात शोधावे. तपासणीतील तफावत आणि लेखापरीक्षकाचा शेरा या दोन टिपा वाचाव्यात. सहकारी बँकेचा सभासद असेल, तर यांपैकी जे कळले नाही ते वार्षिक सभेत उभे राहून विचारावे. तो त्याचा हक्क आहे आणि ‘वसुली किती झाली आणि निर्लेखन किती केले?’ एवढा एक प्रश्न सभेत विचारला गेला, तरी पुढील अहवाल अधिक जपून लिहिला जातो.

आणि हे सारे करूनही एक उणीव राहतेच. वही खोटी लिहिली असेल, तर ती वाचून सत्य कळत नाही. म्हणून आयुष्याची संपूर्ण कमाई एकाच बँकेत न ठेवता विम्याच्या मर्यादेत वाटून ठेवणे, हा कोणत्याही अहवालाहून भरवशाचा उपाय आहे. अनुत्पादक जिंदगी ही बँकेच्या कर्जदाराची गोष्ट आहे. पण तिचा शेवट कोणाच्या खिशात होतो, हे ठेवीदाराने आपली ठेव कोठे आणि किती ठेवली, यावरच पुष्कळदा ठरते.